बाजरीला मोड आणावेत की पीठ आंबवावं?

बाजरीतलं लोह कागदावर भरपूर असतं आणि अंगी फारसं लागत नाही. कारण त्यातलं फायटिक अॅसिड, म्हणजेच फायटेट, लोहाला आणि जस्ताला धरून ठेवतं. इथपर्यंत बहुतेक वाचकांना ठाऊक असतं. ते काढायचं ठरवलं की घरात दोनच गंभीर पर्याय उरतात. एक, बाजरीला मोड आणायचे, ती वाळवायची आणि गिरणीतून दळून आणायची. दुसरा, नेहमीचंच पीठ आणायचं आणि थोडं गव्हाचं पीठ मिसळून रात्रभर आंबट पाण्यात ठेवायचं. बाकीचे उपाय, म्हणजे कोंडा चाळणं, दाणे नुसते भिजवणं, जास्त शिजवणं, यांना तुलनेत घेत नाही. चाळणीतून फायटेटबरोबर लोहही जातं. अख्खे दाणे भिजवून फारसा फरक पडत नाही. आणि फायटेट उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी ते जवळपास तिथेच असतं.

दोन्ही पर्याय वापरून पाहिल्यावर माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण तो ठाणे-नवी मुंबईतल्या हवेमुळे आणि इथल्या सोसायट्यांमुळे जास्त आहे, हे आधीच सांगतो. सोलापूर-नगरकडे राहणाऱ्याचा निकाल वेगळा लागू शकतो.

आधी थोडा हिशेब, कारण निवड त्याच्यावर अवलंबून आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम बाजरीत साधारण 6.4 मिलिग्रॅम लोह, 2.8 मिलिग्रॅम जस्त आणि 485 मिलिग्रॅमच्या आसपास फायटेट असतं. ही वजनं एकमेकांशी थेट ताडून उपयोग नाही. आतड्यात झटापट होते ती कणाकणांची, म्हणून कणांची संख्या ताडायची. त्यासाठी प्रत्येक वजनाला त्या पदार्थाच्या रेणुभाराने भागायचं: फायटेटला 660 ने, लोहाला 56 ने, जस्ताला 65 ने. असं केलं की लोहाच्या एका कणामागे फायटेटचे सुमारे 6.4 कण निघतात आणि जस्ताच्या एका कणामागे सुमारे 17.

आता मर्यादा. जस्तासाठी हे प्रमाण 15 च्या वर असेल तर शोषण कमी धरतात, 5 ते 15 मध्ये मध्यम, 5 च्या खाली चांगलं. लोहासाठी मात्र प्रमाण 1 च्या खाली यावं लागतं, आणि ठळक फरक दिसायचा तर 0.4 पर्यंत. म्हणजे जस्ताच्या बाबतीत थोडं फायटेट गेलं तरी लगेच फायदा दिसतो. लोह हट्टी आहे. 6.4 वरून 3.2 वर आलं तरी ते जवळजवळ तसंच अडलेलं राहतं. खरी सुटका शेवटच्या टप्प्यात, जवळपास सगळं फायटेट गेल्यावर होते. ‘निम्मं तर गेलं’ असं समाधान जस्तासाठी ठीक आहे, लोहासाठी नाही.

बिनखमिराच्या भाकरी-रोटीवर जगणाऱ्यांचा हा प्रश्न जुना आहे. इराणमधल्या शिराझ भागात खुंटलेल्या वाढीचे तरुण रुग्ण पाहून बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी 1961 मध्ये पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यामागे जस्ताची कमतरता असावी हा तर्क पुढे पक्का होत गेला. त्या लोकांच्या जेवणात मांस नगण्य होतं आणि मुख्य अन्न होतं ती न आंबवलेली, कोंड्यासकट गव्हाची रोटी. गव्हात फायटेट तोडणारं एन्झाइम भरपूर असतं, पण कणीक मळून लगेच तव्यावर टाकली की त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

आता पहिला पर्याय, मोड.

बाजरी निवडून, धुऊन बारा तास भिजवायची, मधे एकदा पाणी बदलायचं. पेरणीचं बियाणं चुकूनही घेऊ नये. त्याला औषध चोळलेलं असतं आणि ते बहुधा गुलाबी किंवा रंगीत दिसतं. पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधायचं, दिवसातून दोन-तीनदा शिंपडायचं. इथल्या हवेत 36 ते 48 तासांत मोड दाण्यापेक्षा लांब होतात. रोपाला वाढायला फॉस्फरस लागतो, आणि बियाण्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपातच साठवलेला असतो. म्हणून रुजताना दाणा स्वतःच फायटेज नावाचं एन्झाइम तयार करतो आणि तो साठा फोडायला लागतो. फायटेट कमी होतं ते या कामामुळे, आणि थोडं पाण्यात निघून जातं.

किती कमी होतं? दाण्याची जात, तापमान, किती तास ठेवलं, यावर बरंच अवलंबून आहे, पण तिसरा हिस्सा ते निम्मं ही अपेक्षा रास्त आहे. वरच्याच हिशेबात निम्मं घालून पाहा. जस्ताचं प्रमाण 17 वरून साडेआठच्या आसपास येतं, म्हणजे वाईट पट्ट्यातून मधल्या पट्ट्यात, आणि ही खरी कमाई आहे. लोहाचं 6.4 वरून 3.2 वर येतं आणि अजून 1 पासून लांबच राहतं.

मोडांचे इतर गुण नाकारायचं कारण नाही. पीठ गोडसर होतं, खीर किंवा पेज पातळ आणि तरीही भरीव होते, कारण रुजताना स्टार्च तोडणारं एन्झाइमही वाढतं. पण तोच गुण भाकरीच्या मुळावर येतो. मोडाच्या पिठाची भाकरी थापताना हाताला चिकटते, कडेला फाटते, आणि भाजल्यावर आतून ओलसर, चिकट राहते. नेहमीच्या पिठात चौथा हिस्सा मोडाचं पीठ इथपर्यंत भाकरी निभावते, त्यापुढे नाही. आणि चौथ्या हिश्श्यानं फायटेटचा हिशेब फारसा हलत नाही.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्याच्यामुळे निर्णय झाला ती गोष्ट म्हणजे वाळवणं.

मोड आलेली बाजरी दळण्याआधी इतकी कोरडी हवी की दाणा दाताखाली धरला तर ‘कट्’ असा तुटावा, दबून चपटा होता कामा नये. ओलावा बारा टक्क्यांच्या खाली गेला की तसं होतं. त्यासाठी दोन दिवस कडक ऊन पाहिजे. ठाण्यातल्या, वाशी-नेरुळमधल्या किती सोसायट्यांत गच्ची रहिवाशांना उघडी असते? बहुतेक ठिकाणी कुलूप, आणि किल्ली मागायला गेलं की टाक्यांचं, सुरक्षेचं कारण. मग उरते बाल्कनी. तिच्यात ऊन येतं ते तीन-चार तास, तेही समोरचा टॉवर आड येत नसेल तर, आणि ताटावर जाळी घातली नाही तर कबुतरं हजर. धान्य हे कबुतरांचं आवडतं खाणं, आणि त्यांची विष्ठा पडलेली बाजरी धुऊन परत वाळवायचा प्रश्नच नाही, ती फेकायची.

हे झालं ऑक्टोबर ते मेचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवाच इतकी दमट असते की पंख्याखाली कितीही दिवस ठेवलं तरी दाणा हवेतला ओलावा धरून बसतो. वरून कोरडा वाटतो, आत मऊ असतो. अशा दाण्याला दुसऱ्या दिवशी आंबूस आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. मोडाच्या टोकाशी करडी किंवा काळी बुरशी दिसली तर तेवढे दाणे वेचून भागत नाही, कारण बुरशीचं विष भाजल्यानं जाईलच असं नसतं. सगळं टाकावं. ओव्हन असेल तर 55-60 अंशांवर दार किंचित उघडं ठेवून सहा ते आठ तासांत काम होतं, पण एका वेळी एका ट्रेवर जेमतेम अर्धा किलो मावतं. त्या विजेच्या हिशेबात बाजरी बाजरीच्या भावाची राहत नाही.

आणि समजा वाळली. गिरणीवाले मोडाचं धान्य घ्यायला नाखूश असतात, आणि त्यांचं चुकत नाही. ओलसर दाणा जात्याच्या दगडाला लेप धरतो, मग पुढच्या गिऱ्हाइकाचे गहू अडकतात. शिवाय मोड आलेलं पीठ लवकर कडू होतं. बाजरीत तेल जास्त, दळलं की ते उघडं पडतं आणि हवेशी गाठ पडून खवट होतं. साधं पीठही इथे पावसाळ्यात आठवडाभरात कडवट लागतं. मोडाचं टिकवायचं तर दाणे दळण्याआधी मंद भाजावे लागतात. एवढं सगळं करून लोहाचं प्रमाण तीनाच्या आसपास. माझ्या दृष्टीनं इथेच पारडं झुकलं, अर्थात ज्याच्याकडे उघडी गच्ची आणि ओळखीची गिरणी आहे त्यानं माझं फार मनावर घेऊ नये.

दुसऱ्या पर्यायाची युक्ती अशी. फायटेज नव्यानं निर्माण व्हायची वाट पाहायची नाही, ते जिथे आधीच आहे तिथून आणायचं. बाजरी, ज्वारी, मका, तांदूळ यांत ते फारच थोडं असतं. गव्हात भरपूर असतं, मुख्यतः कोंड्याच्या थरात. म्हणून गव्हाचं पीठ अख्खं हवं, मैदा चालत नाही. गहू स्वतःचं फायटेटही घेऊन येतो हे खरं, पण तो कात्रीही घेऊन येतो, आणि ती बाजरीच्या फायटेटवरही चालते. प्रयोगशाळेत योग्य आंबटपणा आणि तापमान ठेवून दहा टक्के अख्ख्या गव्हाच्या पिठानं इतर धान्यांच्या खिरीतलं फायटेट एक-दोन तासांत जवळजवळ संपवता आलेलं आहे. घरी परिस्थिती इतकी नेमकी नसते, म्हणून गव्हाचं प्रमाण थोडं वाढवायचं आणि वेळ भरपूर द्यायचा.

दाणे भिजवण्याऐवजी पीठ का, तेही इथेच सांगतो. अख्ख्या दाण्यात फायटेट एका ठिकाणी आणि एन्झाइम दुसऱ्या ठिकाणी, मधे पेशींच्या भिंती. दळल्यावर दोघं एकत्र येतात आणि पाणी मिळालं की काम सुरू होतं. इडलीसारखं ओलं वाटणही चालतं, फक्त भिजवून आख्खं शिजवणं नाही.

तीन माणसांच्या न्याहारीचं माप: 200 ग्रॅम बाजरीचं पीठ, 40 ग्रॅम कच्चं गव्हाचं पीठ, साधारण 300 मिलिलिटर पाणी, दोन मोठे चमचे आंबट ताक. दुसऱ्या वेळेपासून ताकाऐवजी आदल्या पिठातला डावभर शिल्लक ठेवून वापरला तर आणखी बरं. पाणी कोमट हवं, कारण गव्हाचं फायटेज 50 अंशांच्या आसपास सर्वांत जोमानं चालतं. थर्मामीटर नसेल तर एक भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं पाणी मिसळावं, ते 50 च्या जवळ येतं, आणि पीठ पडल्यावर 45 च्या आसपास. नुसतं उकळतं पाणी ओतू नये. एन्झाइम मरतं आणि पिठाची खळ होते. भांडं जाड टॉवेलात गुंडाळून किंवा पोळ्यांच्या हॉटपॉटमध्ये ठेवलं की पहिले दोन तास ऊब टिकते, आणि बरंचसं काम त्या दोन तासांत होतं. नंतर झाकून ओट्यावर सकाळपर्यंत.

आंबटपणाकडे लक्ष द्यायचं कारण हे एन्झाइम पाच-साडेपाच पीएचला उत्तम चालतं. नळाचं पाणी सातच्या वर असतं, ताकाचे दोन चमचे त्याला खाली ओढतात, आणि रात्रभरात तयार होणारं लॅक्टिक अॅसिड चारच्या आसपास आणून ठेवतं. म्हणजे पीठ रात्रभरात नेमक्या त्या पट्ट्यातून जातं. पीएचच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. घरी फायटेट मोजायचं साधन नाही, पण पट्टी साडेचार ते साडेपाच दाखवत असेल तर काम चालू आहे असं धरायला हरकत नाही. पट्टी नसेल तर सकाळी हलका आंबूस वास आणि वर बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत. गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली तर ते पीठ फेकायचं.

पाण्याची एक गोम इथे आहे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं किंवा ठाण्यात महापालिकेचं पाणी असेल तर अडचण नाही, ते मऊ असतं. पण टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर दोन तोटे होतात. त्यातला कॅल्शियम फायटेटला धरून त्याचं न विरघळणारं लवण करतो, त्यावर एन्झाइम नीट चालत नाही. आणि असं पाणी आंबटपणालाही विरोध करतं, पीठ उशिरापर्यंत गोडंच राहतं. पीठ कालवायला पिण्याचंच पाणी घ्यावं. याच कारणासाठी सगळं पीठ ताकातच भिजवू नये. पेलाभर ताकातल्या कॅल्शियममुळे लोहाच्या शोषणात थोडी आडकाठी येते, दोन चमच्यांनी ती येत नाही.

हिशेब परत लावू. समजा 85 टक्के फायटेट गेलं. मग 485 चे 73 मिलिग्रॅम उरतात, लोहाचं प्रमाण 1 च्या किंचित खाली आणि जस्ताचं अडीचच्या आसपास येतं. (गव्हाचं थोडं लोह-जस्त आणि फायटेट यात धरलेलं नाही, पण चित्र तेच राहतं.) प्रत्येक घरी 85 गाठता येईल असं ठामपणे म्हणणार नाही. पण लोहाच्या मर्यादेपर्यंत पोचायची शक्यता असलेला घरगुती मार्ग हाच आहे, मोडांचा नाही.

हा मार्ग बहुतेक वेळा फसतो तो शेवटच्या पायरीवर. सकाळी पीठ सैल वाटतं आणि हात आपोआप डब्याकडे जातो. दोन मुठी कोरडं पीठ घातलं की त्यातलं सगळं फायटेट अखंड परत आलं, आणि लगेच तव्यावर गेल्यानं त्याला वेळही मिळत नाही. घट्टपणा हवा असेल तर रात्रीच पाणी कमी घ्यावं, किंवा भिजवलेला तांदूळ सकाळी रवाळ वाटून घालावा, त्यात फायटेट कमी असतं. दुसरी चूक थालीपिठाच्या भाजणीची. भाजणी रात्रभर भिजवली म्हणजे फायटेट गेलं असं वाटतं, पण भाजताना सगळं एन्झाइम मेलेलं असतं. भाजणी आंबेल, पण फायटेट फारसं हलणार नाही. तिच्यात मूठभर कच्चं गव्हाचं पीठ घालून मगच भिजवावी. तिसरी गोष्ट सोड्याची. रात्री सोडा किंवा पापडखार घातला तर आंबटपणा मारला जातो आणि काम बंद पडतं. सकाळी तव्यावर टाकण्याआधी चिमूटभर घातला तर चालतो, तोवर काम झालेलं असतं.

आता या मार्गाची किंमत, ती लपवत नाही. भाकरी मिळत नाही. आंबलेलं पीठ थापलं जात नाही, त्याचे घावन, आंबोळ्या, उत्तप्पे किंवा आंबील होते. ज्या घरात पिठलं-भाकरी, भरीत-भाकरी हाच आठवड्याचा कणा आहे, तिथे ही तडजोड बोचेल. मधला मार्ग म्हणून घट्ट मळलेलं पीठ तीन-चार तास कोमट ठेवून जाडसर थालीपिठासारखं कापडावर थापता येतं. आंबूस लागतं, पण ठेच्याबरोबर खपून जातं. मे महिन्यात रात्रीचंही पीठ चार-पाच तासांत जास्त आंबतं, तेव्हा विरजण अर्धं करावं आणि उशिरा कालवावं. जानेवारीत इथे फार थंडी नसते, दोन तास जास्त दिले की होतं.

आणि भाकरी सोडायचीच नसेल तर? मग फायटेट राहू द्यावं आणि ताटात क जीवनसत्त्व आणावं. ते लोहाला अशा रूपात धरून ठेवतं की फायटेटची पकड सैल पडते. फक्त मात्रा पाहा. 65 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण 4 मिलिग्रॅम लोह. फायटेट भरपूर असताना त्याला 50 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व लागतं. अर्ध्या लिंबाच्या रसात पाच-सात मिलिग्रॅमच असतं, म्हणजे कोशिंबिरीवर पिळलेलं लिंबू चवीपुरतं. पेरूच्या दोन फोडी हे काम सहज करतात, पण त्या जेवणाबरोबर खायच्या, संध्याकाळी नाही. जस्ताला याचा काही उपयोग होत नाही, आणि मोड किंवा आंबवणं यांची जागा ते घेत नाही ते याच कारणानं. आगरी-कोळी घरात भाकरीबरोबर सुकट किंवा मासळी असते, तिथे प्राणिज प्रथिनांमुळे लोह आणि जस्त दोन्हींचं शोषण सुधारतं. त्यांनी या सगळ्या उठाठेवीत पडायची फारशी गरज नाही, जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला तरी पुष्कळ.

मोडांची बाजू भक्कम आहे ती दोन ठिकाणी. एक, कडधान्यं. मूग-मटकीच्या डाळीला साल काढूनही फायटेट राहतंच, कारण ते सालीत नसून आतल्या डाळिंब्यांत असतं. अख्ख्या कडधान्याला मोड आले की ते बऱ्यापैकी घटतं, आणि वाळवायची भानगड नसल्यामुळे माझी तक्रारच उरत नाही. भिजवलेलं पाणी टाकायचं, मोड दोन दिवस वाढू द्यायचे, उसळीत सोडा घालायचा नाही. दुसरं, बाळाचं पहिलं अन्न. मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहूनही जास्त पीठ सामावते, आणि लहान पोटाला ते महत्त्वाचं. सत्त्व काढून कोंडा गाळला तर फायटेट आणखी कमी होतं. नाचणी लागते थोडी, ती ओव्हनमध्ये एका फेरीत वाळते.

ज्वारीला मात्र मोड आणून खाऊ नयेत. ज्वारीच्या कोंभात सायनाइड सोडणारा घटक तयार होतो. ज्वारीसाठी पीठ आंबवण्याचाच मार्ग, आंबील त्यासाठीच जुनी आणि चांगली.

गव्हाचं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी दोन्ही वाटा एकत्र येतात, आणि खरं सांगायचं तर ही युक्ती मला सर्वांत आवडते. मूठभर बाजरीला दोन दिवस मोड आणावेत, ते ओलेच बारीक वाटावेत आणि 200 ग्रॅम पिठात दोन मोठे चमचे एवढं वाटण गव्हाऐवजी घालावं. वाळवणं नाही, गिरणी नाही, एन्झाइम मात्र आलं. गव्हाइतकं जोरदार नसतं म्हणून वेळ बारा तास द्यावा. दोन चमच्यांपेक्षा जास्त घालू नये, नाहीतर स्टार्च तुटून पीठ पाण्यासारखं होतं आणि घावन तव्यावरून सुटत नाही. उरलेले मोड त्याच दिवशी उसळीत टाकावेत.